व्हिएतनामी आकडे वाचताना दशकाचा अंक आधी पाहा

मराठीत एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. व्हिएतनामी भाषेत तसे नाही. तिथे एक ते दहा येऊ लागले की पुढचे आकडे एकापुढे एक शब्द ठेवून तयार होतात, आणि तेही डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर उच्चारतो. व्हिएतनामी माणूस ‘दोन दहा पाच’ म्हणतो. तरीही नवशिक्या माणसाला हनोईच्या बाजारात किंमत चटकन कळत नाही. याची कारणे दोन आहेत. एक, चार, पाच आणि दहा हे चार शब्द काही जागी आपले रूप किंवा सूर बदलतात, आणि रोजच्या बोलण्यात मोठ्या आकड्यातले बरेच शब्द गाळले जातात. या लेखात या दोनच गोष्टी क्रमाने घेतल्या आहेत.

पहिली पायरी: शून्य ते दहा आणि त्यांचे सूर

शून्यापासूनचे शब्द असे आहेत: खोंग, मोत, हाइ, बा, बोन, नम, सउ, बय, ताम, चीन, मुअइ. देवनागरीत हे उच्चार जवळपास बसतात, पण काही ठिकाणी जपावे लागते. ‘चीन’मधला च हा ‘चहा’तला आहे, ‘चमचा’तला नाही. ‘खोंग’ म्हणताना शेवटी ओठ मिटतात. ‘मोत’मधला त जिभेने अडवायचा आणि तिथेच थांबायचे, तो सुटा ऐकू येत नाही. ‘मुअइ’मधला उ ओठांचा चंबू न करता, ओठ पसरट ठेवून म्हणायचा असतो. हा स्वर मराठीत नाही आणि तो पुढेही वारंवार येणार असल्यामुळे त्याचा सराव आताच केलेला बरा.

व्हिएतनामीत प्रत्येक शब्दाला ठरलेला सूर असतो, आणि तो चुकला तर शब्दच बदलतो. हाइ, बा, नम आणि खोंग सपाट सुरात म्हणायचे. बोन, सउ, ताम आणि चीन चढ्या सुरात. ‘बय’चा सूर खाली जातो आणि किंचित वर येतो. ‘मोत’चा सूर जड आहे, म्हणजे आवाज खाली दाबून एकदम तोडायचा. ‘मुअइ’ म्हणजे दहा, आणि त्याचा सूर उतरता आहे. यांतल्या शेवटच्या दोन शब्दांचे सूर पुढे बदलणार आहेत, म्हणून फक्त त्यांच्यासाठी एक खूण ठरवून घेऊ: उतरत्या सुराचा दहा ‘मुअइ↘’ असा लिहू आणि सपाट सुराचा नुसता ‘मुअइ’, जड सुराचा एक ‘मोत’ असा लिहू आणि चढ्या सुराचा ‘मोत↗’.

दुसरी पायरी: दहाचे दोन सूर

दहा ते एकोणीसपर्यंत दहाचा शब्द उतरता असतो: मुअइ↘ मोत म्हणजे अकरा, मुअइ↘ हाइ म्हणजे बारा, मुअइ↘ बा म्हणजे तेरा. वीसपासून मात्र दहाचा शब्द दुसऱ्या अंकाच्या मागे येतो आणि त्याचा सूर सपाट होतो: हाइ मुअइ म्हणजे वीस, बा मुअइ म्हणजे तीस, चीन मुअइ म्हणजे नव्वद. लिहिताना हा फरक केवळ एका स्वरावरच्या उतरत्या रेघेचा आहे.

हा फरक शिकण्यासाठी पुस्तकापेक्षा खिशातल्या नोटा बऱ्या. दहा हजार दोंगच्या नोटेवर ‘मुअइ↘ ङीन दोंग’ असे छापलेले असते, तर वीस हजारांच्या नोटेवर ‘हाइ मुअइ ङीन दोंग’ आणि पन्नास हजारांच्या नोटेवर ‘नम मुअइ ङीन दोंग’. तीन नोटा शेजारी ठेवल्या की पहिल्या नोटेवरच्या शब्दातली तिरकी रेघ दुसऱ्या दोन नोटांवर नाही, हे सहज दिसते. (‘ङ’ हा ‘वाङ्मय’मधला, तो शब्दाच्या सुरुवातीला म्हणायची आपल्याला सवय नसते, पण व्हिएतनामीत तो सुरुवातीलाच फार येतो.)

तिसरी पायरी: एककाच्या जागी बदलणारे एक, चार आणि पाच

या तीन अंकांचे नियम वेगवेगळे पाठ करू नयेत, कारण मग कुठे काय बदलते याचा गोंधळ होतो. त्यापेक्षा एककाचा अंक उच्चारण्याआधी त्याच्या डावीकडचा, म्हणजे दशकाचा अंक पाहावा. तो शून्य आहे, एक आहे की दोन वा त्याहून मोठा आहे, एवढ्यावर सगळे ठरते.

दशकाचा अंक एक असेल, म्हणजे आकडा अकरा ते एकोणीसमध्ये असेल, तर फक्त पाच बदलतो आणि ‘नम’चा ‘लम’ होतो. पंधरा म्हणजे मुअइ↘ लम. अकरा मात्र मुअइ↘ मोत असाच राहतो आणि चौदा मुअइ↘ बोन असाच राहतो.

दशकाचा अंक दोन किंवा त्याहून मोठा असेल, तर तिन्ही अंक बदलतात. एकाचा जड सूर जाऊन चढा सूर येतो, म्हणून एकवीस म्हणजे हाइ मुअइ मोत↗ आणि एक्याऐंशी म्हणजे ताम मुअइ मोत↗. चाराच्या जागी ‘तु’ हा वेगळाच शब्द येतो, सपाट सुरात आणि त्याच पसरट ओठांच्या उकाराने, म्हणून चोवीस म्हणजे हाइ मुअइ तु. पाचाचा ‘लम’ होतो, म्हणून पंचवीस म्हणजे हाइ मुअइ लम आणि पंचावन्न म्हणजे नम मुअइ लम. पंचावन्नमध्ये पहिला पाच मूळ रूपात आणि दुसरा बदललेला आहे, तसेच चव्वेचाळीसमध्ये बोन मुअइ तु. बदल फक्त एककाच्या जागी होतो, दशकाच्या किंवा शतकाच्या जागी कधीच होत नाही, हे या दोन आकड्यांवरून पक्के लक्षात राहते.

तिन्ही बदल सारखेच सक्तीचे नाहीत. पंधराला ‘मुअइ↘ नम’ म्हटले तर ते केवळ कानाला खटकत नाही, तर अर्थच बदलतो, कारण ‘नम’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘वर्ष’ असा आहे आणि दोन्हींचा सूरही एकच आहे. ‘मुअइ↘ नम’ म्हणजे दहा वर्षे. ‘पंधरा वर्षे’ म्हणायची तर ‘मुअइ↘ लम नम’ म्हणावे लागते आणि पाच वर्षांना ‘नम नम’. एकाचा बदलही करावाच लागतो. चाराच्या बाबतीत मात्र सूट आहे: चोवीसला ‘हाइ मुअइ बोन’ म्हटलेले चालते आणि दक्षिणेकडे ते बरेच ऐकू येते. म्हणजे बोलताना ‘बोन’ वापरला तरी अडत नाही. ऐकताना ‘तु’ ओळखता आला पाहिजे. उत्तरेत पंचवीस, पस्तीस अशा आकड्यांत ‘लम’ऐवजी ‘ञम’ असाही उच्चार ऐकू येतो. तो पाचच आहे.

दशकाचा अंक शून्य असेल, तर त्या शून्यासाठी उत्तरेत ‘लिञ’ आणि दक्षिणेत ‘लॅ’ हा शब्द घालतात आणि पुढचा अंक मूळ रूपात म्हणतात. शंभराला ‘मोत त्रम’ म्हणतात (हनोईत ‘त्र’चा उच्चार ‘च’सारखा होतो). त्यामुळे एकशे एक म्हणजे मोत त्रम लिञ मोत आणि एकशे पाच म्हणजे मोत त्रम लिञ नम. इथे ‘लम’ येत नाही. एकशे चारमध्ये उत्तरेकडे ‘लिञ तु’ ऐकू येते, पण ‘लिञ बोन’ सगळीकडे चालते.

चौथी पायरी: हजाराच्या पुढे तीन-तीन अंकांचे गट

हजाराला उत्तरेत ‘ङीन’ आणि दक्षिणेत ‘ङान’ म्हणतात. त्यापुढे दहा लाखांना ‘त्रिएउ’ आणि शंभर कोटींना ‘ती’. लाख आणि कोटी यांना स्वतंत्र शब्द नाहीत. आपला एक लाख त्यांच्याकडे ‘शंभर हजार’ होतो आणि एक कोटी ‘दहा त्रिएउ’. मराठी माणसाची गफलत इथे सर्वांत जास्त होते, कारण आपले मन दोन-दोन अंकांनी गट पाडते आणि तिथे ते तीन-तीन अंकांनी पडतात.

त्यात छापील किमतीत हजारांचे गट टिंबाने वेगळे केलेले असतात आणि स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून वापरलेला असतो. १.२४५.००० ही रक्कम बारा लाख पंचेचाळीस हजार दोंग आहे. ती वाचताना टिंबांवर थांबावे आणि प्रत्येक गट स्वतंत्र तीन अंकी आकड्यासारखा वाचून त्याच्यापुढे गटाचे नाव लावावे: मोत त्रिएउ, मग हाइ त्रम बोन मुअइ लम ङीन. तिसऱ्या पायरीचा नियम प्रत्येक गटाला वेगळा लागतो, म्हणून ‘लम’ संपूर्ण रकमेच्या मध्येही येऊ शकतो. मधल्या गटात शतकाच्या जागी शून्य असेल, तर काळजीपूर्वक वाचताना ते शून्यही उच्चारतात: १.०२४.००० म्हणजे मोत त्रिएउ खोंग त्रम हाइ मुअइ तु ङीन. हे ‘खोंग त्रम’, म्हणजे ‘शून्य शंभर’, पुढे साल वाचताना पुन्हा लागेल.

पाचवी पायरी: बाजारातली किंमत

आतापर्यंतची रूपे पूर्ण आणि पुस्तकी होती. बाजारात तीन गोष्टी गळतात. चलनाचे नाव ‘दोंग’ बहुधा कोणी उच्चारत नाही. हजारांतली रक्कम असेल तर ‘ङीन’ही बरेचदा गळतो, आणि मेनूवर त्याच कारणाने `35k` असे लिहिलेले दिसते. तिसरी गोष्ट अशी की वीसच्या पुढच्या आकड्यांत मधला सपाट ‘मुअइ’ही गळतो. त्यामुळे पस्तीस हजार दोंगांचे पूर्ण रूप ‘बा मुअइ लम ङीन दोंग’ असले, तरी कानावर फक्त ‘बा लम’ पडते.

दहाचा शब्द गाळला तरी एककाचे बदललेले रूप तसेच राहते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. ‘लम’, ‘मोत↗’ किंवा ‘तु’ कानावर पडला की त्याच्या आधीचा अंक दशकाचा आहे, हे कळते. हाइ लम म्हणजे पंचवीस. हाइ नम म्हणजे दोन वर्षे. एकवीस ते एकोणतीस या आकड्यांतल्या ‘हाइ मुअइ’साठी ‘हम’ असेही संक्षिप्त रूप आहे, म्हणून एकवीसला ‘हम मोत↗’ म्हटलेले ऐकू येईल. दोन ठिकाणी मात्र दहाचा शब्द गळत नाही: अकरा ते एकोणीसमधला उतरता मुअइ↘, आणि वीस, तीस, चाळीस अशा पूर्ण दशकांतला मुअइ. तीस हजारांना ‘बा मुअइ’ किंवा ‘बा चुक’ म्हणतात. ‘चुक’ म्हणजे दहाचा संच.

एक साधे बिल घेऊ. फोची वाटी ४५.०००, कॉफी २१.००० आणि चहा १५.०००. मालकीण हे बहुधा ‘बोन लम, हाइ मोत↗, मुअइ↘ लम’ असे मोजेल, आणि एकूण ‘ताम मोत↗’ सांगेल. पहिल्या दोन आकड्यांत दहाचा शब्द गळला आहे. पंधरामध्ये तो राहिला आहे. ताम मोत↗ म्हणजे आठ दशके आणि एक, म्हणजे एक्याऐंशी, आणि न उच्चारलेला ‘ङीन’ धरून ८१.००० दोंग. एक लाखाची नोट दिली तर ‘मुअइ↘ चीन’, म्हणजे एकोणीस हजार परत यायला हवेत. ‘ताम मोत↗’चा अर्थ ‘आठ आणि एक’ असा लावून नऊ हजार समजणे ही सुरुवातीची नेहमीची चूक आहे. बिल देताना नोटेचा रंग पाहून विसंबू नये: वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. नोटेवरचे शब्द वाचावेत: एकीवर ‘हाइ मुअइ ङीन’ आहे आणि दुसरीवर ‘नम त्रम ङीन’.

कपडे, खोलीचे भाडे किंवा दुचाकीचे भाडे अशा मोठ्या रकमांत आणखी एक पद्धत दिसते. मोठ्या एककानंतर सुटा एकच अंक आला, तर तो लगेच खालच्या स्थानाचा धरायचा. ‘मोत त्रम हाइ’ हे मराठी कानाला ‘एकशे दोन’ वाटते. ते एकशे वीस असते. एकशे दोन असते तर मध्ये ‘लिञ’ आला असता. त्याच रीतीने ‘मोत त्रिएउ हाइ’ म्हणजे बारा लाख, आणि मोबाइलवरच्या संदेशात किंवा जाहिरातीत हे `1tr2` असे लिहिलेले आढळते. इथेही चढा मोत↗ आणि ‘तु’ येतात: त्रम मोत↗ म्हणजे एकशे दहा, आणि हाइ त्रिएउ तु म्हणजे चोवीस लाख. एकशे दहामध्ये दहाचा शब्द मुळीच येत नाही, हे पचायला थोडा वेळ लागतो. किंमत सांगताना ‘लिञ’ ऐकू आला की नाही, याकडे म्हणूनच कान ठेवावा.

पन्नासच्या बाबतीत मात्र आपल्याला घरच्यासारखे वाटते. त्यासाठी ‘अर्धा’ या अर्थाचा शब्द आहे. तो हनोईत ‘झुअइ’ (‘माझा’मधल्या झसारखा) आणि दक्षिणेत ‘रुअइ’ असा उच्चारतात. तो ज्या एककानंतर येईल त्याच्या निम्मे वाढवायचे. त्रम झुअइ म्हणजे दीडशे, हाइ त्रम झुअइ म्हणजे अडीचशे, बा त्रम झुअइ म्हणजे साडेतीनशे, आणि त्रिएउ झुअइ म्हणजे पंधरा लाख. दीडशे आणि अडीचशे म्हणायची सवय असलेल्या मराठी माणसाला यात नवे काही शिकावे लागत नाही. सव्वा आणि पावणे यांच्यासाठी मात्र असे सोयीचे शब्द नाहीत. एकशे पंचवीस हे मोत त्रम हाइ मुअइ लम असेच सांगावे लागते, किंवा बोलीत ‘त्रम हाइ लम’.

शंका राहिली तर गणकयंत्रावर आकडा टाइप करून दाखवावा, असे विक्रेत्याला खुणेने सांगावे. विक्रेते ते सर्रास करतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण आधी स्वतः आकडा मनात धरून मग पडद्याकडे पाहिले, तर हळूहळू कान तयार होतो.

सहावी पायरी: साल आणि तारीख

सालाच्या आधी ‘नम’ हा शब्द लावतात. तो इथे ‘वर्ष’ या अर्थाने असतो. औपचारिक वाचनात साल हे पूर्ण संख्येसारखे वाचतात. १९७५ म्हणजे नम मोत ङीन चीन त्रम बय मुअइ लम. आपण ‘एकोणीसशे पंच्याहत्तर’ म्हणतो, तसे ‘एकोणीस शंभर’ तिथे चालत नाही. हजार आणि शतक वेगवेगळे सांगावे लागतात.

रोजच्या बोलण्यात अंक सुटे म्हणतात, आणि शेवटच्या दोन अंकांना बाजारातलाच नियम लागतो. १९४५, म्हणजे हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्याची घोषणा केली ते साल, ‘मोत चीन बोन लम’ असे म्हणतात. दिएन बिएन फूच्या लढाईचे १९५४ ‘मोत चीन नम तु’ असे. आणि आर्थिक सुधारणांचे १९८६ ‘मोत चीन ताम सउ’ असे. शतक सांगण्याची गरज नसेल तर पहिले दोन अंकही जातात, आणि १९५४चे ‘नम नम तु’ एवढेच उरते. त्यातला पहिला ‘नम’ वर्ष आहे आणि दुसरा पाच.

दोन हजारांच्या पुढची साले वाचताना ‘खोंग त्रम’ विसरू नये. २०२४ म्हणजे हाइ ङीन खोंग त्रम हाइ मुअइ तु, आणि २००५ म्हणजे हाइ ङीन खोंग त्रम लिञ नम. ‘हाइ ङीन हाइ’ म्हटले तर मागच्या पायरीच्या नियमाने ते दोन हजार दोनशे होते. बोलीत २००५ला ‘हाइ ङीन लिञ नम’ असेही म्हणतात, कारण ‘लिञ’मुळे पुढचा अंक एककाचा आहे हे कळते. सुटे अंक म्हणायचे असतील तर २०२४ ‘हाइ खोंग हाइ तु’ असे होते.

दशकाच्या अंकाचा नियम शेवटी दहा असलेल्या सालांतही तसाच चालतो. ली थाय तो यांनी राजधानी आजच्या हनोईच्या जागी आणली ते १०१० हे साल मोत ङीन खोंग त्रम मुअइ↘ असे वाचतात, उतरत्या सुरात, कारण मुअइच्या आधी दोन ते नऊपैकी कोणताही अंक नाही. सुट्या अंकांत तेच ‘मोत खोंग मोत खोंग’ होते. तिसऱ्या अंकाच्या आधी शून्य असल्यामुळे तिथे चढा मोत↗ येत नाही.

तारखेत दिवस, महिना, साल हाच आपला क्रम असतो. महिन्यांना स्वतंत्र नावांऐवजी क्रमांक असतात, आणि एप्रिल हा ‘थांग तु’ असतो, कधीही ‘थांग बोन’ नसतो. बुधवारही ‘थु↗ तु’, म्हणजे चौथा वार, असाच असतो. चाराच्या बाबतीत आधी सांगितलेली सूट या दोन ठिकाणी लागू होत नाही. महिन्याच्या पहिल्या दहा तारखांआधी ‘मोंग’ हा शब्द लावतात. उच्चार ‘मुंग’ असाही होतो. २ सप्टेंबर १९४५ ही तारीख त्यामुळे ‘ङाय मोंग हाइ थांग चीन नम मोत ङीन चीन त्रम बोन मुअइ लम’ अशी वाचायची, आणि ३० एप्रिल १९७५ ही ‘ङाय बा मुअइ थांग तु नम मोत ङीन चीन त्रम बय मुअइ लम’ अशी. दुसऱ्या तारखेत सपाट मुअइ दोनदा, ‘तु’ एकदा आणि ‘लम’ एकदा आला आहे. ती तारीख न अडखळता वाचता आली की बिलावरचा कोणताही आकडा वाचायला अडचण येत नाही.